शेरवानीच्या बाहीत मावणारं घड्याळ

भाच्याच्या निकाहला अडीच महिने उरले होते तेव्हा आपाच्या घरी मला मोबाईलवर एक फोटो दाखवण्यात आला. फोटो घड्याळाचा होता. सोनेरी केस, सोनेरी चेन, काळी तबकडी, तबकडीत तीन छोट्या तबकड्या, उजव्या बाजूला चावी आणि चावीच्या वर-खाली दोन बटणं, काचेभोवती आकडे कोरलेली जाड कडा. किंमत चौदा हजारांच्या आसपास. मुलीकडच्यांनी अदबीने विचारलं होतं की दुल्हेमियांना घड्याळ कसं आवडेल, आणि दुल्हेमियांनी शब्द न वापरता हा फोटो पाठवून दिला होता.

"मामू, कैसी है?" भाच्याने विचारलं.

मी म्हणालो, "घड्याळ चांगलं आहे. पण ते निकाहचं नाही."

आपाला वाटलं मी किंमतीबद्दल बोलतोय. ते तर होतंच. मुलीचे वालिद एका बेकरीत हिशेब लिहितात, आणि 'विचारलं म्हणून सांगितलं' या वाक्यामागे आपल्याकडे किती जहेज लपतं, हे मी या आधीही लिहिलं आहे, पुन्हा लिहीत नाही. पण त्या दिवशी मला दुसरंच सांगायचं होतं. समजा ते घड्याळ फुकट मिळालं असतं, तरी निकाहच्या दिवशी ते चुकीचंच ठरलं असतं. कपड्यांच्या बाबतीत आपल्याला हे लगेच कळतं. वलीम्याला कोणी खेळाचे बूट घालून आला तर बूट कितीही महाग असोत, आपण पाहतो आणि मनात नोंद करतो. घड्याळाच्या बाबतीत मात्र आपण फक्त दोनच गोष्टी बघतो, चमक आणि किंमत. त्याच्या आकाराला, तबकडीला आणि पट्ट्यालाही एक बोली असते, हे आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं.

ही बोली समजून घ्यायला एक सोपा प्रश्न पुरतो. घड्याळावरची ही गोष्ट मुळात कोणत्या कामासाठी आली?

त्या फोटोतल्या घड्याळाकडेच बघू. अशा घड्याळाला क्रोनोग्राफ म्हणतात, म्हणजे ज्यात वेळ दाखवण्याबरोबरच शर्यतीच्या घड्याळासारखी वेळ मोजायची सोय असते. वरचं बटण दाबलं की मोठा सेकंदकाटा धावू लागतो, पुन्हा दाबलं की थांबतो, खालचं दाबलं की शून्यावर येतो. छोट्या तबकड्या गेलेली मिनिटं आणि तास मोजतात. काचेभोवतीच्या कडेवर जे ४००, २००, १२०, ८०, ६० असे आकडे असतात, ते वेगाचे. समजा तुम्ही सोलापूर-पुणे रस्त्यावर गाडीत बसला आहात. किलोमीटरचा एक दगड गेला की बटण दाबायचं, पुढचा दगड आला की पुन्हा दाबायचं. काटा ४५ सेकंदांवर थांबला असेल तर त्यासमोर कडेवर ८० लिहिलेलं दिसेल. गाडीचा वेग ताशी ८० किलोमीटर. हिशेब इतकाच की तासाचे ३६०० सेकंद भागिले ४५. हे उपकरण मोटारींच्या शर्यतीसाठी उपयोगाचं होतं, आणि अशाच जातीचं एक घड्याळ १९६९ साली चंद्रावर गेलेल्या माणसांच्या हातावर होतं. माझ्या ओळखीत अशी घड्याळं वापरणारे वीसेक जण असतील. त्यांपैकी एकानेही ती कडा कधी वापरलेली नाही. स्वस्तातल्या काही घड्याळांत तर त्या तीन छोट्या तबकड्या नुसत्या छापलेल्या असतात, काटे चिकटवलेले असतात. दुकानात बटण दाबून पाहिलं आणि काहीच हललं नाही, की समजावं.

पाणबुड्याच्या घड्याळाचीही तीच गोष्ट. त्याची कडा फिरते. पाण्यात उतरताना कडेवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा, मग किती मिनिटं गेली ते थेट कडेवर वाचता येतं. चांगल्या घड्याळात ती कडा एकाच दिशेने फिरते. कशाला धक्का लागून चुकून सरकली तर गेलेली वेळ खऱ्यापेक्षा जास्त दिसावी, कमी दिसू नये, म्हणजे माणूस हवा संपायच्या आधीच वर येईल. वैमानिकाच्या घड्याळाची चावी कांद्याएवढी मोठी असते, कारण ती हातमोजे घालून फिरवायची होती. जाड काटे, अंधारात चमकणारा रंग, मोठे आकडे, हे सगळं कामासाठी आलं. कामाचं घड्याळ कामावर शोभतं.

समारंभाच्या घड्याळाचा उगम उलट आहे. तिथे घड्याळाने काहीही करून दाखवायचं नसतं. चार लोकांत बसलेलं असताना पुन्हा पुन्हा वेळ बघणं हे तसंही असभ्य, त्यामुळे घड्याळ बाहीखाली असावं आणि दिसलंच तर शांत दिसावं, अशी अपेक्षा. म्हणून ते पातळ. म्हणून त्यावर बटणं नाहीत, फिरती कडा नाही. तबकडी पांढरी, दुधाळ किंवा फिकट रुपेरी, फार तर साधी काळी. आकड्यांच्या जागी बारीक रेघा. दोन किंवा तीन सडपातळ काटे. तारखेची खिडकीसुद्धा नसली तर उत्तम, असली तर चालते. तबकडीवर एखादी गोष्ट वाढली की घड्याळ दिवाणखान्यातून एक पायरी खाली अंगणात येतं, असं मी वर्गात सांगावं तसं भाच्याला सांगितलं. तो हसला, पण ऐकत होता.

केसच्या आकाराबद्दल मात्र थोडं थांबायला हवं, कारण इथे इतिहास जरा गमतीचा आहे. गोल आणि पातळ घड्याळ औपचारिक मानलं जातं, आणि चौकोनी किंवा उभट आयताकृती त्याहूनही थोडं जास्त. आयताचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे कार्तिए कंपनीचं 'टँक', १९१७ सालचं. नावाप्रमाणे त्याचा आराखडा पहिल्या महायुद्धातल्या रणगाड्यावरून, वरून पाहिलं तर दिसणाऱ्या दोन पट्ट्यांवरून घेतलेला. दुसरं उदाहरण तर आपल्याच मातीशी जोडलेलं आहे. हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा खेळताना फुटत. त्यावर उपाय म्हणून १९३१ साली जेजेर-लकूल्त्रने 'रिव्हर्सो' काढलं. त्याची आयताकृती केस आपल्या चौकटीत सरकवून उलटी करता येते, काच आत आणि पोलादी पाठ बाहेर. आज ते घड्याळ सूट-टायवर घालायचं अतिशय औपचारिक घड्याळ समजलं जातं, आणि सुरुवात घोड्याच्या पाठीवर झालेली. फार काय, पहिल्या महायुद्धापर्यंत पुरुषाने मनगटावर घड्याळ बांधणं हेच बायकी मानलं जाई, सभ्य माणसाचं घड्याळ खिशात. म्हणजे हे नियम आभाळातून उतरलेले नाहीत. पण कोणत्याही एका काळात ते बोलीभाषेसारखे चालू असतात. शब्दाचा अर्थ शंभर वर्षांपूर्वी वेगळा होता म्हणून आज तो हवा तसा वापरता येत नाही. शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवताना हे रोज अनुभवाला येतं.

आपल्या घरांतही ही शांत तबकडी होतीच. अब्बांचं एचएमटी जनता माझ्याकडे आहे. १९६१ पासून बंगळुरूला जपानच्या सिटिझनच्या मदतीने एचएमटीची घड्याळं बनू लागली, आणि पुढची पंचवीसेक वर्षं मनगटावरचं घड्याळ म्हणजे एचएमटी असंच समीकरण होतं. टायटन बाजारात आलं ते १९८७ च्या सुमारास. अब्बांचं घड्याळ रोज सकाळी चावी द्यायचं. मी पट्टी लावून मोजलं, केसची रुंदी ३५ मिलिमीटर. पांढरी तबकडी, तपकिरी चामडी पट्टा. अब्बांनी ते स्वतःच्या निकाहला घातलं, नंतर त्याच घड्याळावर नोकरी केली, आणि दोन्हीकडे ते योग्यच दिसलं. भाच्याने ते हातात घेतलं आणि म्हणाला, "मामू, ही लेडीज वाटते." या वाक्यात गेल्या तीस वर्षांतला सगळा बदल आला. घड्याळं ३५ वरून ४२, ४४, ४६ मिलिमीटरपर्यंत फुगत गेली, मनगटं आहेत तेवढीच राहिली.

मग मी त्याच्या मनगटाला कागदाची पट्टी गुंडाळली. घेर भरला साडेसोळा सेंटिमीटर. त्यानंतर हात टेबलावर ठेवून मनगटाचा वरचा सपाट भाग पट्टीने मोजला, तो साधारण ५२ मिलिमीटर. घड्याळ घेताना लोक केसची रुंदी विचारतात, पण खरं माप वेगळं आहे. केसला वर आणि खाली जे दोन-दोन शिंगासारखे कान असतात, ज्यांत पट्ट्याची पिन बसते, त्या वरच्या कानाच्या टोकापासून खालच्या कानाच्या टोकापर्यंतचं अंतर बघायचं. ते मनगटाच्या सपाट भागापेक्षा कमी असायला हवं. फोटोतल्या घड्याळाचं हे अंतर माहितीत ५५ मिलिमीटर दिलेलं होतं. म्हणजे दोन्ही बाजूंनी कान हवेत लोंबणार आणि चेन मनगटाला न टेकता सरळ खाली पडणार. जाडी १४ मिलिमीटर. शेरवानीची बाही दर्ज्याने मनगटाशी बेताचीच ठेवलेली असते. १४ मिलिमीटरचं घड्याळ तिच्याखाली जात नाही, बाही त्याच्या मागे अडकून वर चढते. आणि बाहीच्या काठावर जरीचं काम असेल तर कडेचे दाते आणि ती बटणं जरीचा धागा धरतात. दर मुआनक्याला, म्हणजे दीडशे वेळा तरी. हे ऐकल्यावर आपा पहिल्यांदा माझ्या बाजूने झाली, कारण शेरवानी तिने घेतली होती.

आता सोनेरी रंगाचा मुद्दा. पुरुषाला सोनं वापरायला मनाई आहे, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही माहीत असतं, आणि तरीही दुल्ह्याचं घड्याळ मात्र सोनेरी हवं, हा हट्ट कुठून आला मला कळत नाही. दुकानातल्या सोनेरी घड्याळात सहसा चार प्रकार असतात. घन सोन्याचं, ते आपल्या दुकानांत क्वचितच. दुसरं, ज्यावर खऱ्या सोन्याचा मुलामा आहे. तिसरं, ज्यावर टायटॅनियम नायट्राइडचा थर आहे. हा संयुग दिसायला सोनेरी असतो, त्यात सोनं कणभरही नसतं. आणि चौथं, ज्यात खाली असा कठीण थर आणि वर रंग खुलवायला सोन्याची अगदी पातळ परत. नुसत्या डोळ्यांनी तिसरं आणि चौथं वेगळं ओळखता येत नाही, कंपनीची माहिती वाचावी लागते. मुलाम्याबद्दल उलेमांच्या मतांत फरक आहे, मी मुफ्ती नाही, ज्याला शंका असेल त्याने आपल्या विश्वासाच्या आलिमला विचारावं. मी फक्त एवढं म्हणतो की ज्या गोष्टीबद्दल विचारत बसावं लागेल ती निकाहच्या दिवशी हातावर का असावी? शिवाय मुलामा पहिल्यांदा उडतो तो नेमका चेनच्या कडांवर आणि कानांच्या मागे, जिथे घाम आणि घासणं जास्त. खाली पांढरट किंवा पितळी ठिपके दिसू लागतात. पोलादाला असं काही होत नाही. ओरखडे पडतात, पण ओरखड्यांखालीही पोलादच असतं.

पट्ट्यावर मात्र माझंही मत दोनदा बदललं.

समारंभासाठी काळा किंवा गडद तपकिरी चामडी पट्टा सर्वांत औपचारिक. गुळगुळीत, पातळ, त्याच रंगाच्या दोऱ्याने शिवलेला. जाड चामडं आणि पांढरी ठसठशीत शिलाई आली की तो पट्टा सहलीचा झाला. पोलादी चेन त्याच्या खालोखाल, ऑफिसला अगदी योग्य. त्यात बारीक कड्यांची चेन जास्त सभ्य दिसते, तीन जाड कड्यांची जरा खेळकर. त्याखाली कापडी विणीचा पट्टा, आणि सर्वांत खाली रबर किंवा प्लॅस्टिक.

पण चामडी पट्टा म्हटलं की आपल्यासाठी दोन प्रश्न उभे राहतात, जे इतरांना पडत नाहीत. पहिला म्हणजे चामडं कशाचं? पट्ट्याच्या मागे 'अस्सल चामडं' असा शिक्का असतो, त्यावरून प्राणी कळत नाही. वरचा थर वासराचा आणि आतलं, कातडीला लागणारं अस्तर डुकराचं, असे पट्टेही बाजारात असतात, कारण ते अस्तर पातळ, मऊ आणि स्वस्त पडतं. ओळखायची एक खूण घड्याळ दुरुस्त करणाऱ्या चाचांनी मला दाखवली. अस्तर उजेडात तिरकं धरून भिंगाने पाहायचं. डुकराच्या कातडीवर केसांची छिद्रं तीन-तीनच्या झुबक्यात, छोट्या त्रिकोणात दिसतात. वासराच्या कातडीवर ती बारीक आणि एकसारखी विखुरलेली असतात. अर्थात अस्तरावर कृत्रिम ठसा मारलेला असेल तर ही खूण लपते किंवा फसवते. तेव्हा सोपा मार्ग म्हणजे ज्यावर वर आणि आत दोन्ही वासराचं चामडं असल्याचं लिहिलं आहे तो पट्टा घ्यावा, किंवा आपल्या गावातल्या चामड्याच्या कारागिराकडून शिवून घ्यावा. माझा पट्टा मी तसाच करून घेतला आहे, अडीचशे रुपयांत.

दुसरा प्रश्न वुजूचा. पाणी पट्ट्याखालच्या कातडीपर्यंत पोहोचायला हवं. सैल चेन असेल तर ती वर-खाली सरकवून पाणी जातं, जसं घट्ट अंगठीबाबत हलवून घ्यायला सांगतात. चामडी पट्टा चिकटून बसलेला असतो, त्याखाली पाणी खात्रीने जात नाही, आणि गेलं तर वाळत नाही. दिवसातून पाच वेळा भिजणारं चामडं दोनेक महिन्यांत आतून काळं पडतं, भेगाळतं, आणि त्याला असा वास येतो की सफमध्ये शेजारच्यालाही कळावा. म्हणून चामडी पट्टा असेल तर वुजूला घड्याळ काढायचंच. काढलेलं घड्याळ मशिदीच्या हौदाच्या काठावर विसरायचं, हाही आपला एक सार्वत्रिक अनुभव. मी दोनदा विसरलो, एकदाच परत मिळालं. त्यानंतर रोजच्या वापरासाठी मी चेनवर आलो. चामडी पट्टा समारंभापुरता.

पाण्याचं निघालंच आहे तर आणखी एक. पाठीवर ३० मीटर लिहिलेलं असतं त्याचा अर्थ तीस मीटर खोल पाण्यात चालेल असा नाही. ते स्थिर दाबाचं माप आहे. व्यवहारात त्याचा अर्थ शिंतोडे आणि हात धुणं इतकाच. वुजूला ते पुरतं, पण नळाची जोराची धार थेट चावीवर धरू नये. ५० मीटर लिहिलेलं असेल तर निश्चिंत. काचेच्या आत वाफ धरलेली दिसली की आतली रबरी कडी गेली समजावं आणि त्याच दिवशी घड्याळ उघडून घ्यावं, नाहीतर आठवड्याभरात मशीनला गंज लागतो.

जाडीचा त्रास आपल्याला अजून एका ठिकाणी कळतो, तो सज्द्यात. तळवे जमिनीवर टेकवले की मनगट मागे वाकतं आणि डाव्या हातावरच्या घड्याळाची चावी पंजाच्या मागच्या बाजूला रुतते. पातळ घड्याळात हे जाणवतही नाही. जाड घड्याळ आणि मोठी चावी असेल तर दोन रकअतींत वळ उठतो. बरेच नमाजी घड्याळ उजव्या हातावर बांधतात, त्यांना हा त्रास होत नाही, कारण तिथे चावी पंजाकडे नसून कोपराकडे येते. मी स्वतः डावीकडेच बांधतो. उजव्या हाताने फळ्यावर लिहायचं असतं.

आकड्यांबद्दल थोडं. हल्ली अरबी आकड्यांच्या तबकड्यांची आपल्या मुलांमध्ये फार हौस आहे. जपानी कंपन्या आखाती देशांसाठी काढतात ती घड्याळं, दुबई-रियाधहून कोणी ना कोणी आणतं. दिसतात सुंदर. पण आपली पोरं ती 'उर्दू घड्याळ' म्हणून मिरवतात तेव्हा माझ्यातला मास्तर जागा होतो. अरबी चार हा उलट्या ३ सारखा असतो, उर्दू चार तसा लिहीत नाहीत. अरबी पाच म्हणजे आपल्या शून्यासारखा गोल, उर्दू पाच पानासारखा, खाली खाच असलेला. सहासुद्धा वेगळा. अरबी आहे तर अरबी म्हणा. देवनागरी आकड्यांची घड्याळंही निघालेली आहेत, त्यांचं रूप मला तितकंच आवडतं. पण औपचारिकतेच्या हिशेबात कोणत्याही लिपीतले बारा ठसठशीत आकडे हे रेघांच्या एक पायरी खालीच बसतात, आणि रोमन आकडे रेघांच्या जवळ. रोमन तबकडीवर चारच्या जागी बहुतेक वेळा चार उभ्या रेघा असतात, शाळेत शिकवतो तसा चार नसतो. मुलं ते चूक म्हणून दाखवतात. घड्याळात तशी जुनी रीतच आहे.

सर्वांत खालच्या पायरीवर प्लॅस्टिकचं डिजिटल घड्याळ. त्याच्याबद्दल मला एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू १९८९ पासून बनतं आहे. काळी चौकोनी केस, राखाडी पडदा, रबरी पट्टा, एक सेल सात-सात वर्षं जातो. जगभरात विद्यार्थी, मजूर, ड्रायव्हर, शिपाई सगळ्यांच्या हातावर ते असतं, माझ्याही होतं. ग्वांतानामोच्या तुरुंगातली कागदपत्रं २०११ साली उघड झाली तेव्हा दिसलं की कैदी किती धोकादायक याच्या नोंदींत हे घड्याळ हातात असणं हा संशयाचा एक मुद्दा म्हणून मांडला जात होता. बॉम्बला वेळ लावायला ते शिकवलं जातं, असं कारण. तसा वापर झालाही असेल. पण जे घड्याळ जगातल्या लाखो गरिबांकडे आहे, त्यावरून माणूस कसा ओळखणार? घड्याळाची बोली वाचावी ती प्रसंगापुरती. वलीम्याला प्लॅस्टिकचं घड्याळ घालून आलेल्या माणसाकडे दुसरं नसेल, किंवा तो कामावरून थेट आला असेल. भाच्याला हेही सांगितलं, कारण अर्ध्या तासात तो टीव्हीवरच्या प्रत्येकाच्या मनगटावर शेरा मारू लागला होता.

शेवटी काय ठरलं ते सांगतो. भाच्याने मुलीकडे स्वतः फोन केला आणि घड्याळ मामूंकडून घेतलंय, तुम्ही तसदी घेऊ नका, असं कळवलं. म्हणजे झालं ते माझ्या खिशातून, हे त्याने मला नंतर सांगितलं. आम्ही दोघं दुकानात गेलो. मी मापं लिहून नेली होती. रुंदी ३८ च्या आत, कानापासून कानापर्यंत ४६ च्या आत, जाडी ८ च्या आसपास, पाणी ५० मीटर, पट्ट्याची रुंदी पुरी २० मिलिमीटर. शेवटचं महत्त्वाचं, कारण १८ किंवा २० चा पट्टा कुठेही मिळतो. १९ किंवा कंपनीची स्वतःची खाच असलेला निघाला की आयुष्यभर त्यांच्याच दारात. दुकानदाराने आधी तीन मोठी सोनेरी घड्याळं पुढे केली, मग मापं ऐकून खालच्या खणातून एक ट्रे काढला. त्यातलं एक ३७ मिलिमीटरचं, पोलादी, दुधाळ तबकडीचं, रेघांचं, सेलवर चालणारं निघालं. जाडी साडेसात. चार हजार सहाशे रुपये, सोबत चेन. काळा पट्टा मी चाचांकडून घेतला, ज्याच्या पिनेला छोटी खुंटी असते आणि नखाने मागे ओढली की पट्टा निघतो, अवजार लागत नाही. निकाहला पट्टा, दुसऱ्या दिवसापासून चेन.

दुकानातून निघताना भाच्याने हात लांब करून घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "छोटी लगती है." मी म्हणालो, हातभर अंतरावरून आरशात बघ. मनगट डोळ्यांजवळ धरून पाहिलं की घड्याळ खऱ्यापेक्षा मोठं भासतं, लोक फसतात ते तिथेच, आणि मोबाईलवरच्या फोटोत तर कितीही मोठं करता येतं. त्याने आरशात पाहिलं, काही बोलला नाही.

निकाहच्या दिवशी काजीसाहेबांसमोर सही करताना त्याची बाही वर गेली आणि आपोआप खाली आली. फोटोंमध्ये घड्याळ फक्त तीन ठिकाणी दिसतं. मुलीच्या वालिदांनी वलीम्यात माझ्याकडे हळूच विचारलं, त्याच दुकानातून त्यांच्या मुलासाठी असंच मिळेल का, दहावीला बसलाय. मी म्हणालो, मिळेल, पण त्याचं मनगट आधी मोजून आणा.